टेम्पोत आज कोणाचा माल: नॅपसॅकच्या तक्त्याच्या नोंदी

१० जून

नारायणगावच्या बाजूच्या एका शेतकरी गटाचा माल रात्री छोट्या हत्तीने वाशीला जातो. दुपारपर्यंत फोनवर नोंदी येतात: कोणाचा कांदा, कोणाचा टोमॅटो, वजन किती, भाडं किती ठरलं. गाडी एकच आहे आणि हंगामात नोंदी गाडीत मावतील त्यापेक्षा जास्त असतात. आज कोणाचा माल घ्यायचा आणि कोणाला उद्यावर थांबवायचं, हे गटाचं काम बघणारे अण्णा वहीत आकडेमोड करून ठरवतात. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहून द्यायचं मी कबूल केलंय.

डिझेल, टोल आणि ड्रायव्हरची मजुरी कोणाचाही माल नेला तरी तेवढीच लागते. म्हणजे फेरीला जमणारं एकूण भाडं जास्तीत जास्त व्हावं, एवढंच बघायचं. वजनाची मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

एक अट अण्णांनी पहिल्याच बोलण्यात घातली. "एकाचा माल फोडायचा नाही. अर्धा मागं ठेवला तर तो माणूस दुसरी गाडी बघतो आणि पुन्हा आपल्याकडं येत नाही."

या अटीमुळेच हा प्रश्न शून्य-एक नॅपसॅकचा होतो. प्रत्येक माल एक तर पूर्ण घ्यायचा, नाहीतर अजिबात नाही. माल फोडता आला असता तर काम सोपं होतं: किलोमागे जास्त भाडं देणारा आधी भरत जायचं, शेवटच्यातला मावेल तेवढा घ्यायचा, आणि ते उत्तर नक्की सर्वोत्तम असतं.

११ जून

हातानं पूर्ण तपासता येईल असं छोटं उदाहरण बनवलं. वजन शंभर किलोच्या मापात आणि भाडं शंभर रुपयांच्या मापात धरलंय. गाडीची मर्यादा ७, म्हणजे ७०० किलो.

| क्र. | माल | वजन | भाडं |
|---|---|---|---|
| १ | कांदा | ४ | १० |
| २ | टोमॅटो | ३ | ८ |
| ३ | फ्लॉवर | २ | ६ |
| ४ | डाळिंब | ५ | १३ |

अण्णा वहीत करतात तीच पद्धत आधी लावून बघितली. वजनामागे भाडं काढलं तर फ्लॉवर ३, टोमॅटो साधारण २.६७, डाळिंब २.६, कांदा २.५. त्या क्रमानं भरलं तर फ्लॉवर आणि टोमॅटो चढतात, वजन ५ होतं, भाडं १४ होतं. उरलेल्या दोनशे किलोंत ना डाळिंब बसत ना कांदा. गाडी दोनशे किलो रिकामी जाते.

फ्लॉवर आणि डाळिंब घेतलं असतं तर वजन बरोबर ७ आणि भाडं १९. म्हणजे पाचशे रुपयांचा फरक, तोही चारच नोंदींत. किलोमागचा दर एकेका मालाकडे सुटा बघतो. तो माल चढवल्यावर उरलेल्या जागेत काय बसेल, याचा विचार त्यात कुठेच येत नाही.

सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटलं तर चार मालांच्या १६ होतात. पण ३० नोंदी आल्या की हा आकडा १०७ कोटींच्या वर जातो.

१३ जून

तक्ता भरला. हा या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

`T[i][w]` या घराचा अर्थ: पहिल्या `i` मालांपैकीच निवडायचं आणि गाडीची मर्यादा `w` असेल, तर जास्तीत जास्त किती भाडं मिळेल? अर्थ इतक्या काटेकोरपणे आधी लिहून ठेवला की नियम आपोआप निघतो. `i` क्रमांकाच्या मालाबद्दल दोनच शक्यता असतात. तो घेतला नाही, तर उत्तर वरच्या ओळीत त्याच स्तंभात आहे. तो `w` मध्ये मावत असेल आणि घेतला, तर त्याचं भाडं मिळालं आणि मर्यादा त्याच्या वजनाएवढी घटली. उरलेल्या मर्यादेत आधीच्या मालांतून मिळणारं सर्वोत्तम भाडंही वरच्या ओळीतच आहे, फक्त तितके स्तंभ डावीकडे. खाली `val` म्हणजे भाडं आणि `wt` म्हणजे वजन.

```
T[i][w] = max(T[i-1][w], val[i] + T[i-1][w - wt[i]])
```

उरलेल्या मर्यादेसाठी आधीचं सर्वोत्तम उत्तर बिनधास्त वापरता येतं, कारण तिथे त्याहून चांगली निवड शक्य असती तर तीच घालून आपलं एकूण भाडंही वाढलं असतं. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा पाया हाच विचार आहे.

वरून खाली भरलेला तक्ता असा दिसतो. वरची आडवी ओळ म्हणजे मर्यादा `w`.

| | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| काहीच नाही | ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| कांदा | ० | ० | ० | ० | १० | १० | १० | १० |
| टोमॅटो | ० | ० | ० | ८ | १० | १० | १० | १८ |
| फ्लॉवर | ० | ० | ६ | ८ | १० | १४ | १६ | १८ |
| डाळिंब | ० | ० | ६ | ८ | १० | १४ | १६ | १९ |

टोमॅटोच्या ओळीतलं शेवटचं घर बघू. टोमॅटो नाही घेतला तर वरचे १०. घेतला तर त्याचे ८, आणि ७ मधून ३ गेल्यावर उरलेल्या ४ च्या स्तंभात वरच्या ओळीत १०, एकूण १८. मोठा आकडा १८, तोच घरात लिहिला. शेवटच्या ओळीत ७ च्या स्तंभात तसंच: डाळिंब नाही तर १८, घेतलं तर १३ आणि दोनच्या स्तंभातले ६ मिळून १९.

फ्लॉवरच्या ओळीत दोनच्या स्तंभात पडलेला हा ६ चा आकडा गाडीची मर्यादा ७ असताना निरुपयोगी वाटतो. दोनशे किलोंची गाडी कोण नेतंय? पण डाळिंब चढवल्यावर उरणारी जागा नेमकी तेवढीच आहे. लहान मर्यादांचे सगळे स्तंभ भरायचे ते यासाठी.

१४ जून

हेच कोडमध्ये उतरवलं.

```python
def fill(wt, val, W):
    n = len(wt)
    T = [[0] * (W + 1) for _ in range(n + 1)]
    for i in range(1, n + 1):
        for w in range(W + 1):
            T[i][w] = T[i-1][w]
            if wt[i-1] <= w:
                T[i][w] = max(T[i][w],
                              val[i-1] + T[i-1][w - wt[i-1]])
    return T
```

पायथनमध्ये यादीची मोजणी शून्यापासून होते, म्हणून `i` व्या मालाचं वजन `wt[i-1]` मध्ये सापडतं. तक्त्याला मात्र "काहीच नाही" ही जादा ओळ आहे. दोन्ही मोजण्यांत एकाचा फरक राहतो, तो डोक्यात ठेवूनच वाचावं लागतं.

`if wt[i-1] <= w` ही ओळ काढून काय होतं ते मुद्दाम बघितलं. प्रोग्रॅम कुठेच अडत नाही. पायथनमध्ये ऋण क्रमांक यादीच्या शेवटाकडून मोजला जातो, त्यामुळे `w - wt[i-1]` ऋण झालं की तो ओळीच्या दुसऱ्या टोकाचं घर वाचतो. मर्यादा शून्य असतानाही कांद्याचे १० मिळाले असं तक्ता सांगतो! त्यामुळे एक साधी तपासणी कोडमध्येच ठेवली: शून्याच्या स्तंभात सगळीकडे शून्यच हवं. आपल्याकडे शून्य वजनाचा माल नसतो, म्हणून ही तपासणी नेहमी लागू पडते.

१५ जून

कोपऱ्यातला १९ हा आकडा अण्णांच्या काही कामाचा नाही. त्यांना नावं हवीत. तक्त्यात नावं लिहिलेली नसतात, पण उलट चालत गेलं की ती मिळतात.

उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि प्रत्येक ओळीत एकच प्रश्न विचारायचा: हे घर त्याच्या थेट वरच्या घराहून वेगळं आहे का? वेगळं असेल तर या ओळीच्या मालामुळेच आकडा बदललाय, म्हणजे तो घेतलेला आहे. त्याच्या वजनाइतकं डावीकडे सरकून एक ओळ वर जायचं. सारखं असेल तर तो न घेताही तेवढंच भाडं मिळतं. सरळ वर जायचं.

```python
def trace(T, wt, W):
    w, chosen = W, []
    for i in range(len(wt), 0, -1):
        if T[i][w] != T[i-1][w]:
            chosen.append(i)
            w -= wt[i-1]
    return chosen[::-1]
```

आपल्या तक्त्यात: डाळिंबाच्या ओळीत १९, वर १८. वेगळे, डाळिंब घेतलं, मर्यादा ७ वरून २. फ्लॉवरच्या ओळीत दोनच्या स्तंभात ६, वर ०. फ्लॉवर घेतला, मर्यादा शून्य. पुढे टोमॅटो आणि कांद्याच्या ओळींत शून्याच्या वर शून्य, काहीच घेतलं नाही.

इथे घसरायला एक जागा आहे. डाळिंब घेतल्यावर `w` कमी न करता वर गेलो तर फ्लॉवरच्या ओळीत १८ च्या वर १८ दिसतात, फ्लॉवर सुटतो, आणि पुढे टोमॅटोच्या ओळीत १८ च्या वर १० दिसल्यानं टोमॅटो यादीत येतो. मग कांदाही तसाच येतो. तिन्ही मिळून १२ होतात, गाडीत मावतच नाहीत. म्हणून निवड छापण्याआधी त्यातल्या मालांचं वजन आणि भाडं पुन्हा बेरजेनं काढतो. वजन मर्यादेत हवं आणि भाडं कोपऱ्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवं. या दोन बेरजा फुकटच्या आहेत आणि उलट वाटेतल्या बहुतेक चुका तिथेच सापडतात.

१८ जून

प्रत्येक ओळ फक्त आपल्या वरच्या ओळीकडे बघते. मग अख्खा तक्ता कशाला, एकच ओळ ठेवून तीच पुन्हा पुन्हा बदलली तर? चालतं, पण स्तंभ उजवीकडून डावीकडे भरावे लागतात. डावीकडून भरले तर काय होतं ते कागदावर करून बघितलं.

टोमॅटोच्या वेळी ३ च्या स्तंभात ८ लिहिले. पुढे ६ च्या स्तंभावर आल्यावर ३ स्तंभ मागे बघितलं, तर तिथे आत्ताच लिहिलेले ८ बसलेत. त्यात टोमॅटो आधीच आहे. वर पुन्हा ८ मिळवले आणि १६ झाले. एकाच शेतकऱ्याचा तोच टोमॅटो दोनदा चढला. शेवटापर्यंत असंच नेलं तर ओळ अशी येते: ०, ०, ६, ८, १२, १४, १८, २०. कोपऱ्यात २०, म्हणजे फ्लॉवर दोनदा आणि टोमॅटो एकदा. एकाच जातीचा माल हवा तेवढ्या वेळा घेता येतो अशा प्रश्नाचं हे अगदी बरोबर उत्तर आहे. आपल्या प्रश्नाचं नाही. उजवीकडून डावीकडे गेलं की मागे बघितलेलं प्रत्येक घर अजून जुन्या मालांपुरतंच असतं आणि १९ येतात.

हाच २० चा आकडा अख्खा तक्ता ठेवूनही येऊ शकतो. तक्ता `[[0] * (W + 1)] * (n + 1)` असा बनवला तर पायथन एकच ओळ बनवतो आणि तिलाच सगळ्या ओळींची नावं देतो. ओळख पटवायची खूण: कोपऱ्यात भाडं दिसतं, पण उलट वाटेवर एकही माल निघत नाही, कारण प्रत्येक घर आणि त्याच्या वरचं घर हे एकच घर असतं, मग वेगळं कसं दिसणार? भाडं २० आणि यादी रिकामी असं दिसलं की सरळ तक्ता बनवायची ओळ बघायची.

एक ओळ ठेवण्याची खरी किंमत हीच आहे: जुन्या ओळी पुसल्या जातात आणि उलट वाट बंद होते. ती उघडी ठेवायची तर "या घरात हा माल घेतला का" एवढी हो-नाहीची नोंद वेगळी ठेवावी लागते.

```python
n = len(wt)
dp = [0] * (W + 1)
keep = [[False] * (W + 1) for _ in range(n)]
for i in range(n):
    for w in range(W, wt[i] - 1, -1):
        if val[i] + dp[w - wt[i]] > dp[w]:
            dp[w] = val[i] + dp[w - wt[i]]
            keep[i][w] = True
```

मग मागे येताना `keep[i][w]` खरं असेल तर माल घ्यायचा आणि `w` कमी करायचा. आकड्यांऐवजी हो-नाही ठेवल्यानं जागा वाचते, पण घरं तेवढीच लागतात. मी अख्खा तक्ताच ठेवणार आहे. या कामाला तो लहानच आहे, आणि "माझा माल का राहिला" असं कोणी विचारलं तर अण्णांना बोट ठेवून दाखवता येतो.

२१ जून

आता खरी वजनं. स्तंभाचा क्रमांक पूर्णांकच लागतो, म्हणून माप निवडावं लागतं, आणि इथे घाई करून चालत नाही.

शंभर किलोच्या मापाला जवळच्या आकड्यात गोळा केलं तर ३४० चे ३ होतात आणि ४४० चे ४. तक्ता म्हणतो ७, बसलं. काट्यावर ७८० भरतात. सगळी वजनं वरच्या आकड्यात नेली तर गाडी कधीच जादा भरत नाही, पण ३१० आणि ३९० चे ४ आणि ४ होतात, आणि बरोबर ७०० भरणारी जोडी तक्ता नाकारतो.

अण्णांच्या वहीतली वजनं २५ च्या पटीत असतात, असं लक्षात आलं. मग सगळ्यांना २५ ने भागलं की काहीच गमवावं लागत नाही. गाडीची खरी मर्यादा ७५० किलो, म्हणजे ३० माप. ती ७६० असती तरी ३० च धरले असते, कारण २५ च्या पटींची बेरीज ७५० आणि ७६० च्या मध्ये कुठे थांबूच शकत नाही. ३० नोंदी आणि ३० मापांना ३१ गुणिले ३१, म्हणजे ९६१ घरं. किलोत धरलं तर २३,२८१. ग्रॅममध्ये धरलं तर सव्वादोन कोटींहून जास्त, गाडी तीच आणि नोंदी त्याच असताना!

या पद्धतीची मर्यादा इथे उघडी पडते. मर्यादेच्या आकड्यापुढे एक शून्य वाढलं की तक्ता दहापट होतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत नॅपसॅक आहे, आणि हा तक्ता त्याला खोटं पाडत नाही. मर्यादेचा आकडा लहान असतो तोवर तो उपयोगी पडतो. आपला लहान आहे.

२३ जून

पडताळणी. बारा मालांपर्यंतची यादृच्छिक उदाहरणं बनवली आणि प्रत्येकासाठी सगळे संच एकेक तपासणारा सरळसोट प्रोग्रॅमही चालवला. बारा मालांचे ४,०९६ संच, लगेच होतात. दोघांचं भाडं जुळतंय का एवढंच बघतो. निवडलेली नावं जुळवायची नाहीत, कारण दोन वेगळ्या निवडींचं भाडं सारखं असू शकतं आणि दोन्ही बरोबर असतात.

त्यावरून बरोबरीचा प्रश्न निघाला. उदाहरणातल्या डाळिंबाचं भाडं १३ ऐवजी १२ केलं तर डाळिंब-फ्लॉवरचे १८ आणि कांदा-टोमॅटोचेही १८. आपला `trace` कांदा-टोमॅटो देतो, कारण घर वरच्यासारखंच असेल तर तो माल सोडायचा असा नियम आहे. म्हणजे बरोबरी झाली की यादीत शेवटी असलेला आधी बाहेर पडतो. अण्णांना विचारलं, बरोबरी झाली तर कोणाला न्यायचं? ते म्हणाले, "ज्याचा फोन आधी आला त्याचा. त्यात वाद होत नाही." मग वेगळं काही लिहायलाच नको. नोंदी फोन आले त्या क्रमानं तक्त्यात घातल्या की बरोबरीत नंतर फोन केलेला आधी सुटतो. हा क्रम आता कोणी सहज बदलू नये, म्हणून कोडमध्ये त्याच ओळीवर तसं लिहून ठेवलं.

२७ जून

ड्रायव्हरनं यादी बघितली आणि म्हणाला, "दादा, एवढा फ्लॉवर या गाडीत वजनाला बसंल, पण ठेवायचा कुठं?" बरोबर आहे. फ्लॉवर हलका आणि फुगीर. नुसतं वजन बघणाऱ्या तक्त्याला ते कळतच नाही.

दुसरी मर्यादा जागेची. एका कॅरेटची जागा हे माप धरलं. हौद्यात ४० कॅरेटची जागा. उदाहरणातल्या मालांना ड्रायव्हरनं अंदाज दिला: कांदा १२, टोमॅटो १५, फ्लॉवर १८, डाळिंब २५. डाळिंब आणि फ्लॉवर मिळून ४३ होतात, म्हणजे १९ ची निवड बाद. नियम तोच राहतो, घराला फक्त तिसरा क्रमांक लागतो.

```
T[i][w][c] = max(T[i-1][w][c],
                 val[i] + T[i-1][w - wt[i]][c - cr[i]])
```

आत शिरण्याआधी वजन आणि जागा दोन्ही पुरतात का हे बघायचं, आणि उलट येताना दोन्ही कमी करायचे. उत्तर आलं १८: कांदा आणि टोमॅटो, वजन ७, जागा २७. ३० नोंदींना ३१ गुणिले ३१ गुणिले ४१, म्हणजे ३९ हजारांच्या वर घरं. अजूनही काहीच नाही. याच्या पुढची मर्यादा आली, उदाहरणार्थ डाळिंबावर गोणी ठेवायची नाही, तर ती या तक्त्यात बसणार नाही, कारण कोण कोणावर ठेवलंय याची नोंद कुठल्याच घरात नाही. तेवढं रचणाऱ्यावर सोडलंय.

उद्यापासून रोजची यादी आधी प्रोग्रॅमला, मग ड्रायव्हरला दाखवायची, असं ठरलं. जागेचे आकडे त्याच्याकडूनच पक्के करून घ्यायचेत. फ्लॉवरचा हंगाम संपून कोबी सुरू झाला की ते पुन्हा बदलतील.